ही ओळ कोणत्या फोटोची?

दिवाळी अंक बाजारात येऊन आठवडा झाला होता. एका निवृत्त शिक्षकांचं पत्र संपादकांकडे आलं. अंकात बारवांवर एक सुरेख लेख होता. शिक्षकांची तक्रार अशी, की बारवेच्या भिंतीतल्या देवळीचा फोटो छापलाय आणि त्याखाली लिहिलंय, ‘मोटेचं पाणी ज्यात पडे ते दगडी थारोळं’. देवळी आणि थारोळं यांतला फरक लेखकाला कळत नसेल, तर त्यांनी बारवांवर लिहू नये, असं त्यांनी सभ्य पण स्पष्ट शब्दांत कळवलं होतं.

लेखकाची काहीच चूक नव्हती. थारोळ्याची ओळ थारोळ्याच्याच फोटोसाठी लिहिलेली होती आणि तो फोटोही त्याच पानावर, देवळीच्या खाली होता. ओळ मात्र दोन फोटोंच्या मध्ये कुणाचीच नसल्यासारखी उभी होती. वाचकाला फोटोखालची ओळ वरच्या फोटोची मानायची सवय असते. शिक्षकांनी तेच केलं. त्यांनी पान अगदी बरोबर वाचलं. ते लावलं गेलं होतं चुकीचं.

संपादकांनी पत्र आणि अंक माझ्यापुढे ठेवला. “फोटोओळीचं लक्षात आलं,” ते म्हणाले, “पण हे जोडपान उघडलं की एकूणच काहीतरी खुपतं. नक्की काय, ते बोट ठेवून सांगता येत नाही. कटिंग चुकलंय का? बाइंडरला फोन करू का?”

मी म्हटलं, “थोडं थांबा. आधी मोजू.”

मांडणीचं काम मी बरीच वर्षं करतोय. ‘काहीतरी खुपतं’ हे वाक्य मी कधी हसण्यावारी नेत नाही. वाचकाला समास, स्तंभ, ग्रिड हे शब्द माहीत नसले तरी त्याचा डोळा कडा जुळतात की नाही हे पाहतच असतो. दोन कडांमध्ये वीस मिलिमीटरांचा फरक असेल, तर डोळा समजतो की हे मुद्दाम केलंय आणि पुढे जातो. तोच फरक दोन-तीन मिलिमीटरांचा असेल तर तो अडखळतो, कारण तिथे जुळवायचा प्रयत्न झाला आणि तो फसला, असं त्याला दिसतं. पानावरचे दोष शोधायचे म्हणजे मोठे फरक सोडून हे ‘जवळजवळ जुळलेलं’ शोधायचं.

आता ते जोडपान डोळ्यांपुढे आणा. अंक सव्वासात बाय साडेनऊ इंचांचा, म्हणजे सुमारे १८४ बाय २४१ मिलिमीटर. डाव्या पानावर वरती पानभर रुंदीचा बारवेचा मोठा फोटो, त्याखाली दोन स्तंभांत मजकूर आणि पहिल्या स्तंभात खाली माहितीची एक चौकट. उजव्या पानावरही दोन स्तंभ. त्यातला आतला, शिवणीकडचा स्तंभ मजकुराचा. बाहेरच्या स्तंभात वर देवळीचा फोटो, खाली थारोळ्याचा आणि उरलेल्या जागेत मजकूर.

या अंकासाठी ठरवलेली चौकट मला ठाऊक होती. शिवणीकडचा समास १८ मिलिमीटर, बाहेरचा १४, वरचा १६. म्हणजे रुंदीत मजकुराला १५२ मिलिमीटर उरतात. दोन स्तंभांत ६ मिलिमीटर मोकळे सोडले की प्रत्येक स्तंभ ७३ मिलिमीटरांचा होतो. अक्षर १२ पॉइंटांचं, ओळींतलं अंतर १६ पॉइंट. संगणकावर एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, तेव्हा १६ पॉइंट म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटरांहून थोडं अधिक. अशा ३६ ओळी एका पानात बसतात, त्यांची उंची होते सुमारे २०३ मिलिमीटर, आणि खाली जवळपास २२ मिलिमीटरांचा समास राहतो. ग्रिड म्हणतात ते हेच: उभ्या कडा किती आणि कुठे, आणि आडव्या ओळी किती आणि कुठे, हे पहिला फोटो ठेवायच्या आधी ठरलेलं असणं.

मोजायच्या आधी मी अंक उलटा धरला, वरचं खाली. ही युक्ती मला खिळेजुळणीच्या काळातल्या एका वयस्कर जुळाऱ्यांनी शिकवली. पान सरळ असलं की आपण वाचायला लागतो आणि वाचायला लागलो की दिसायचं थांबतं. उलट्या पानावर अक्षरं नुसता करडा रंग होतात आणि फोटो नुसते गडद ठोकळे. तसं धरताच दिसलं, की दोन पानांवरचे करडे पट्टे शिवणीपासून सारख्या अंतरावर नाहीत. उजव्या पानाचा सगळा ऐवज शिवणीकडे सरकला होता.

स्टीलची पट्टी घेतली. डाव्या पानाचा बाहेरचा समास १४ मिलिमीटर, उजव्या पानाचा १८.

बाइंडरवर संशय यायची जागा हीच. पण अंक कापला कसा जातो ते पाहिलं, की हा संशय टिकत नाही. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालून फर्मे होतात, फर्मे एकावर एक लावून पाठीला गोंद लावतात, आणि मग सगळा गठ्ठा एकाच वेळी पात्याखाली जातो. डावं आणि उजवं पान समोरच्या बाजूने एकाच फटक्यात कापलं जातं. कटिंग चुकलं तर दोन्ही पानांचे बाहेरचे समास सारखेच कमी होतील किंवा सारखेच वाढतील. एक १४ आणि दुसरा १८, हे पात्याला जमणारच नाही. मध्ये पिना मारलेल्या अंकांतही तसंच. तिथे आतली पानं घडीच्या जाडीमुळे बाहेर ढकलली जातात आणि कापताना त्यांचा समास अधिक खाल्ला जातो. जाड कागदाच्या अंकात मधल्या पानांवर हे ठळक दिसतं, पण तेही समोरासमोरच्या दोन्ही पानांवर सारखंच होतं.

एक शक्यता मात्र खरी होती, घडी तिरकी किंवा सरकून पडण्याची. समोरासमोरची दोन पानं बहुतेक वेळा कागदाच्या वेगवेगळ्या भागांवर छापलेली असतात, त्यामुळे घडी सरकली तर एक पान दुसऱ्यापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. ते ओळखायची खूण पानक्रमांकात असते. घडी सरकली तर पानावरचं सगळं एकत्र सरकतं, मजकूर, फोटो आणि पानक्रमांकसुद्धा. आमच्या उजव्या पानावर पानक्रमांक कागदाच्या कडेपासून बरोबर १४ मिलिमीटरांवर होता आणि त्याच्या वरचा स्तंभ १८वर. डाव्या पानावर स्तंभाची कड आणि पानक्रमांकाची कड एकाच रेषेत, उजव्यावर चार मिलिमीटरांची पायरी. एका पानावरच्या सगळ्या गोष्टी एकाच प्लेटवरून एकाच वेळी कागदावर उतरतात. त्यांच्यातलं आपसातलं अंतर घडीने बदलत नाही, कटिंगने बदलत नाही, गोंदानेही बदलत नाही. दोन पानांमध्ये एक मिलिमीटर दिसला तर मी मांडणीकाराला दोष देत नाही. एकाच पानावर अर्धा मिलिमीटर जरी चुकला, तरी तो आमच्याच टेबलावर चुकलेला असतो.

मग ऑपरेटरकडून मूळ फाइल मागवली. घडलं ते असं: पानक्रमांक मास्टर पानावरून आपोआप आला होता, म्हणून तो जागेवर होता. मजकुराच्या चौकटी मात्र डाव्या पानावरून उचलून उजव्या पानावर चिकटवल्या होत्या. डाव्या पानावर चौकटी पानाच्या डाव्या कडेपासून १४ मिलिमीटरांवर असतात, कारण तिथे डावी कड ही बाहेरची कड. चिकटवताना ते १४ तसेच आले, पण उजव्या पानाची डावी कड म्हणजे शिवण. जिथे १८ हवे तिथे १४ झाले आणि बाहेर १४च्या जागी १८. इनडिझाइनमध्ये कागदपत्र तयार करताना Facing Pages चालू ठेवलं, की समासाच्या रकान्यांची नावं Left आणि Right न राहता Inside आणि Outside होतात. या अंकात ते चालूच होतं, समासाच्या मार्गरेषा पडद्यावर बरोबर जागी होत्या. पण मार्गरेषा चौकटीला ओढून आणत नाही. ती नुसती दाखवते, आणि घाईत कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

चार मिलिमीटर ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण गोंदाने चिकटवलेला जाड अंक पूर्ण उघडत नाही. पाठीपाशी कागद वळतो आणि तिथले काही मिलिमीटर त्या वळणात जातात. उजव्या पानावर शिवणीकडे ओळींची सुरुवात असते. म्हणजे प्रत्येक ओळ संपली की वाचकाच्या डोळ्याला त्या खळग्यात उतरून पुढच्या ओळीचा पहिला शब्द शोधावा लागतो. अंगठ्याने अंक दाबून धरावा लागतो तो याचमुळे. डाव्या पानावर खळग्यात ओळीचा शेवट जातो, ते त्या मानाने सोसवतं.

समासाचा छडा लागला, पण संपादकांचं ‘एकूणच खुपतं’ तेवढ्याने सुटत नव्हतं. म्हणून मी अंकावर बटर पेपर ठेवला आणि पेन्सिलीने उभ्या कडा उतरवून घेतल्या. मजकुराच्या, फोटोंच्या, चौकटीच्या, फोटोओळींच्या जिथून सुरुवात होते त्या. ओळींची जी टोकं मुद्दाम असमान सोडलेली असतात, ती यात धरायची नाहीत. मग रेषा मोजायच्या. दोन पानं, प्रत्येकी दोन स्तंभ, प्रत्येक स्तंभाच्या दोन कडा, म्हणजे आठ रेषा हव्यात. माझ्या कागदावर तेरा आल्या.

जास्तीच्या पाच कुठून आल्या ते एकेक करून पाहिलं. दोन होत्या डाव्या पानावरच्या माहितीच्या चौकटीच्या. तिची किनार स्तंभाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर बाहेर आली होती. ही चूक नाही. किनार स्तंभाच्या कडेवर बसवली, तर आतला मजकूर किनारीला चिकटू नये म्हणून आत सरकवावा लागतो आणि मग तो वरच्या मजकुराच्या रेषेत राहत नाही. किनार बाहेर काढल्यामुळे आतली अक्षरं वरच्या अक्षरांच्या बरोबर खाली उभी होती. डोळा अक्षरांची कड आधी पाहतो, किनार नंतर. ऑपरेटरने हे समजून केलं होतं. ते पाहून मला बरं वाटलं.

उरलेल्या तीन रेषा मात्र चुकाच होत्या. थारोळ्याचा फोटो ७३ऐवजी ७० मिलिमीटर रुंद होता, त्यामुळे त्याची उजवी कड देवळीच्या फोटोच्या कडेपासून तीन मिलिमीटर आत थांबली होती. वर-खाली असलेल्या दोन फोटोंच्या कडा अशा थोडक्यात चुकल्या, की खालचा फोटो आक्रसल्यासारखा दिसतो. दुसरी रेषा मोठ्या फोटोच्या ओळीची. ती मध्यावर ठेवली होती, तर बाकीच्या फोटोओळी डावीकडून सुरू होत होत्या. तिसरी देवळीच्या ओळीची. ती ज्या चौकटीत होती, तिला आतून तीन मिलिमीटरांची पोकळी ठेवलेली होती. चौकट स्तंभाला अगदी बरोबर लागून होती, पण अक्षरं तीन मिलिमीटर आत. पडद्यावर चौकटीची निळी रेषा जुळलेली दिसते, म्हणून ही चूक हमखास सुटते. मार्गरेषा आणि चौकटी झाकून पाहिलं तरच ती दिसते. इनडिझाइनमध्ये त्यासाठी W ही एक कळ पुरते.

आता त्या फोटोओळी.

मोठ्या फोटोची ओळ फोटोपासून २ मिलिमीटरांवर होती. देवळीची ओळ तर देवळीखाली नव्हतीच. ती शेजारच्या स्तंभात, मजकुराच्या मध्ये ठेवली होती. स्तंभांमधले ६ मिलिमीटर आणि चौकटीतली ३ मिलिमीटरांची पोकळी मिळून ती आपल्या फोटोपासून ९ मिलिमीटर दूर गेली होती आणि लेखातलाच एखादा बारीक परिच्छेद असावा तशी दिसत होती. थारोळ्याची ओळ थारोळ्याच्या वर होती: देवळीच्या फोटोपासून ५ मिलिमीटर, स्वतःच्या फोटोपासून ६. आपल्यापेक्षा परक्याच्या जवळ. त्या शिक्षकांच्या पत्राचं मूळ या एका मिलिमीटरात होतं.

दोन वस्तू एकमेकींच्या जवळ असल्या, की त्या एकमेकींच्या आहेत असं आपण मानतो. फोटोओळीचा सगळा कारभार यावर चालतो. मी स्वतः पाळतो तो हिशेब असा: ओळीचं आपल्या फोटोपासूनचं अंतर हे दुसऱ्या कशापासूनच्याही अंतराच्या निम्म्याहून कमी हवं. आपला फोटो ३ मिलिमीटरांवर असेल, तर परका फोटो किंवा मजकूर निदान ७ मिलिमीटर दूर ठेवायचा. आणि सगळ्या ओळी एकाच बाजूला. खाली तर सगळ्या खाली. एकीला जागा नाही म्हणून ती वर नेली, की वाचकाने तोवर शिकलेला नियम मोडतो.

त्या ओळी अशा का तरंगल्या, याचंही कारण फाइलमध्ये सापडलं. आधी थारोळ्याचा फोटो वर होता आणि त्याची ओळ त्याच्या खाली होती. छपाईच्या आदल्या रात्री लेखकाने देवळीचा चांगला फोटो पाठवला. तो वर घेतला, थारोळ्याचा खाली सरकवला, सरकवताना किंचित लहान झाला. ओळ मात्र जिथे होती तिथेच राहिली. फोटो आणि ओळ या फाइलमध्ये दोन स्वतंत्र चौकटी होत्या. एक हलवली म्हणून दुसरी हलत नाही. दोन्ही निवडून त्यांचा गट बांधला असता, तर हे झालं नसतं. गट बांधायला Ctrl+G इतकंच लागतं.

खिळ्यांच्या छपाईत हे होणं जवळजवळ अशक्य होतं. तिथे फोटोचा ब्लॉक हा हाताने उचलायचा ठोकळा असे. त्याची ओळ ब्लॉकच्या मापाने जुळवून खाली बसवत, आणि लोखंडी चौकटीत जी जागा मोकळी दिसे ती खरं तर मोकळी नसे. तिथेही अक्षरांहून बुटक्या शिशाच्या पट्ट्या किंवा लाकडी ठोकळे ठासलेले असत. काही सैल राहिलं, तर चौकट उचलताना सगळं पान खाली येई. ग्रिड तिथे कल्पना नव्हती, तो आवळलेला धातू होता. १९८५मध्ये पेजमेकर आलं आणि मजकूर, फोटो आणि ओळ यांना पानावर वाटेल तिथे ठेवता येऊ लागलं. जुळाऱ्याला शिशामुळे जी शिस्त फुकट मिळायची, ती आता आपल्याला डोळ्याने राखावी लागते.

एवढं झाल्यावर मी आडव्या रेषांकडे वळलो. इथे देवनागरीची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ग्रिडविषयी जगभर वाचलं जाणारं पुस्तक स्विस मांडणीकार योझेफ म्युलर-ब्रॉकमन यांचं. ते १९८१मध्ये निघालं. फोटो आणि मजकूर शेजारी असतील, तर फोटोची वरची कड ओळीतल्या अक्षरांच्या माथ्याशी आणि खालची कड अक्षरं ज्या रेषेवर उभी असतात त्या रेषेशी जुळवावी, ही पद्धत त्यात नेमकेपणाने मांडली आहे. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, म्हणून तिथे सगळा हिशेब पायथ्यापासून होतो. आपली अक्षरं शिरोरेषेला लोंबकळतात. मराठी पान डोळे बारीक करून पाहा. पायथा अस्पष्ट होतो, कारण तिथे उकार, ऋकार, पाय मोडलेली आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं असतात. शिरोरेषा मात्र पट्टीने ओढल्यासारखी स्तंभभर दिसत राहते. मराठी पानात ओळी जुळल्या की नाही ते शिरोरेषेवरून पाहावं आणि शेजारच्या फोटोची वरची कडही शिरोरेषेलाच लावावी, असं माझं ठाम मत आहे. खालची कड लावायची ती कान्याच्या टोकाला.

संगणक हे आपणहून करत नाही. मजकुराच्या चौकटीची वरची कड आणि फोटोची वरची कड एकाच उंचीवर ठेवली, तरी पहिल्या ओळीच्या डोक्यावर मात्रा, वेलांट्या आणि रफारांसाठी जागा सोडलेली असते. शिरोरेषा त्याच्या खाली येते. आमच्या उजव्या पानावर असंच झालं होतं. आतल्या स्तंभाची पहिली शिरोरेषा शेजारच्या देवळीच्या फोटोच्या माथ्यापेक्षा सव्वा मिलिमीटर खाली होती. दोन्ही एकाच पानावर, म्हणून घडीला दोष द्यायची सोय नव्हती. फाइलमधले आकडे मात्र ‘बरोबर’ होते, दोन्ही चौकटी १६ मिलिमीटरांवर! ही जागा किती सुटते, ते फाँट बनवणाऱ्याने आत काय आकडे भरले आहेत त्यावर ठरतं. त्यामुळे मजकूर एका फाँटात आणि फोटोओळ दुसऱ्या फाँटात असेल, तर शेजारी-शेजारी ठेवलेल्या सारख्या चौकटींतही शिरोरेषा जुळत नाहीत. उपाय दोन आहेत. Text Frame Options मध्ये First Baseline चा Offset आपण ठरवलेल्या आकड्यावर बांधून टाकायचा, किंवा मजकूर जागीच ठेवून फोटोची वरची कड शिरोरेषेपर्यंत खाली आणायची. मी दुसरा पत्करतो, कारण त्यात मजकूर हलत नाही.

डाव्या पानावर आणखी एक गोष्ट होती. मोठ्या फोटोखाली दोन्ही स्तंभ एकाच उंचीवरून सुरू होत होते. पहिल्या सहा-सात ओळी शेजारी-शेजारी नीट चालल्या होत्या. मग दुसऱ्या स्तंभात एक पोटमथळा आला आणि त्यानंतर तळापर्यंत त्या स्तंभाच्या शिरोरेषा पहिल्या स्तंभाच्या शिरोरेषांच्या दोन मिलिमीटर वर चालत राहिल्या. पोटमथळ्याची ओळ २० पॉइंटांची, तिच्यावर ६ पॉइंट मोकळे, मिळून २६. मजकुराच्या दोन ओळी होतात ३२ पॉइंटांच्या. ६ पॉइंट कमी पडले, आणि ६ पॉइंट म्हणजे दोन मिलिमीटरांहून किंचित जास्त. पोटमथळ्यानंतर प्रत्येक ओळ तेवढीच वर सरकलेली राहते, ती आपणहून पुन्हा जुळत नाही. पोटमथळ्याच्या वर ९ आणि खाली ३ पॉइंट सोडले, की २० आणि १२ मिळून ३२ होतात आणि पुढच्या ओळी शेजारच्या ओळींना येऊन मिळतात. वर जास्त आणि खाली कमी, म्हणजे पोटमथळा आपल्या मजकुराला चिकटतो. इथेही फोटोओळीचाच न्याय.

Align to Baseline Grid नावाची सोय हे काम आपोआप करते, ओळींना ठरलेल्या रेषांवर ओढून बसवते. मजकुराला ती जरूर लावावी, पण फोटोओळींना लावू नये. ९ पॉइंटांची अक्षरं १६ पॉइंटांच्या रेषांवर बसवली, की ओळी विरळ होतात आणि ओळ फोटोपासून कुठेही जाऊन थांबते. तरंगणाऱ्या फोटोओळींचं हेही एक कारण मी बऱ्याच अंकांत पाहिलं आहे.

फोटोओळीचं अंतरही मी शिरोरेषेपासून मोजतो. ९ पॉइंटांच्या अक्षरावर मात्रा किंवा वेलांटी जवळपास एक मिलिमीटर वर जाते. ‘बारव, पश्चिम बाजू’ अशा ओळीत वर फक्त एक वेलांटी आहे. ‘कोरीव कोनाडे आणि देवळी’ या ओळीवर मात्रांची गर्दी आहे. शिरोरेषेपर्यंत २ मिलिमीटर ठेवले, तर दुसरी ओळ फोटोला टेकल्यासारखी वाटते. साडेतीन ठेवले की दोन्ही प्रकारच्या ओळी मोकळ्या राहतात आणि पानभर शिरोरेषांची उंची एकच दिसते.

दुसऱ्या आवृत्तीसाठी ते जोडपान आम्ही पुन्हा लावलं. उजव्या पानाचा ऐवज चार मिलिमीटर बाहेर गेला, थारोळ्याचा फोटो ७३ मिलिमीटरांचा झाला. देवळीची ओळ देवळीखाली आणि थारोळ्याची थारोळ्याखाली आली. त्यांना जागा करायला देवळीचा फोटो वरून थोडा कापावा लागला. लेखकाला फोनवर विचारून, कमानीचा दगड शाबूत ठेवून, तो आम्ही कापला. फोटोओळींना जागा गेल्यामुळे मजकुराच्या चार ओळी पुढच्या पानावर ढकलाव्या लागल्या आणि तिथली एक जाहिरात अर्ध्या सेंटिमीटरने खाली सरकली.

नव्या प्रुफावर पुन्हा बटर पेपर ठेवला. दहा रेषा आल्या. आठ स्तंभांच्या आणि दोन चौकटीच्या, ज्या हव्याच होत्या. संपादकांनी प्रूफ दिव्याखाली नेलं, उलटं धरून पाहिलं, मग सरळ करून फोटोओळी वाचायला लागले. देवळीच्या ओळीपाशी ते थांबले. “अहो, इथे ‘शेजारच्या छायाचित्रात’ असं लिहिलंय,” ते म्हणाले. ओळ शेजारच्या स्तंभात असताना कुणीतरी ते शब्द घातले होते. आता ती फोटोच्या खाली होती. आम्ही ते दोन शब्द काढले आणि पान छपाईला दिलं.